पट्टीखालचा लाल रंग

गाडीला रेडियमची पट्टी लावून घेताना ती पुढे कधी काढावी लागेल, असं कुणाच्या मनात येत नाही. दुकानदार रोल उलगडतो, पत्र्यावर साबणाचं पाणी मारतो, पट्टी सरळ बसवून प्लास्टिकच्या फळीनं खालचं पाणी बाहेर काढतो आणि अर्ध्या तासात गाडीचं रूप पालटतं. त्यानंतरचं काम ऊन करतं, वर्षानुवर्षं, आणि ते पट्टीच्या वरही होत असतं आणि भोवतालच्या रंगावरही. म्हणून जुनी पट्टी काढायला बसलं की हातात एक नव्हे, दोन जुन्या गोष्टी असतात. त्यातली पट्टी वाया गेली तरी चालते. रंग वाया जाऊन चालत नाही.

मिरजेच्या काकांची लाल मारुती ८०० हे माझ्यासाठी या कामाचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे. गाडी २००६ सालची. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत गेलेली चार बोटं रुंद पांढरी पट्टी, बोनेटवर तशाच दोन, आणि मागच्या काचेवर काकूंच्या कुलदेवतेचं नाव. गाडी आता त्यांच्या नातवाकडे जायची होती. बोनेटवरच्या पट्ट्यांना भेगा पडल्या होत्या, बाजूच्या पट्टीची टोकं सुटून त्यात धूळ बसली होती. "पेंटरला विचारलं गं मी," काका म्हणाले, "तो म्हणतो ब्लेडनं खरवडून काढू आणि वरून सगळीच रंगवू." मी म्हटलं, "काका, आधी मला बघू द्या. हा रंग कंपनीचा आहे, तो जितका टिकेल तितका टिकवायचा."

ही पट्टी म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म. पीव्हीसी मुळात कडक असतं; घरातले पाण्याचे पाइप त्याचेच असतात. त्याची लवचीक फिल्म करायची तर त्यात तेलासारखी मऊ करणारी द्रव्यं मिसळावी लागतात. उन्हानं आणि पत्र्याच्या उष्णतेनं ही द्रव्यं हळूहळू उडून जातात, थोडी खालच्या गोंदात उतरतात. फिल्म पुन्हा कडक होते आणि आकसते. आकसलेली पट्टी ओळखायची खूण म्हणजे तिच्या कडेनं धावणारी काळपट रेघ. पट्टी आत सरकली, गोंद जागच्या जागी उघडा राहिला आणि त्यावर धूळ बसली, अशी ती रेघ तयार होते. स्वस्त फिल्म गरम रुळांमधून दाबून, ताणून पातळ केलेली असते, त्यामुळे ती आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते आणि जास्त आकसते. महागातली फिल्म द्रव ओतून सुकवलेली असते. तिच्यात तो ताण नसतो, ती पातळ असते आणि बरीच वर्षं मऊ राहते. काकांच्या गाडीवरची पहिल्या प्रकारची होती. काळी रेघ जवळजवळ दोन मिलिमीटरची होती.

सुरुवात धुण्यापासून करायची आणि त्यात घाई करायची नाही. पट्टीच्या कडेला जमलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती तिथे असताना प्लास्टिकचा स्क्रेपर फिरवला, तर ओरखडा प्लास्टिकचा उठत नाही, त्या वाळूचा उठतो. आणि लोक नंतर प्लास्टिकला दोष देतात. शाम्पूच्या पाण्यानं दोनदा धुऊन, कडेनं मऊ ब्रश फिरवून गाडी सावलीत उभी केली.

मग पाहायचं ते पट्टीखाली कोणता रंग आहे. कारखान्यात रंग चढवल्यावर गाडीचा सांगाडा मोठ्या भट्टीतून नेतात आणि तिथे तापमान साधारण १४० अंशांच्या आसपास असतं. असा भाजलेला रंग पत्र्याला घट्ट धरून बसतो. गॅरेजमध्ये पुन्हा मारलेल्या रंगाचं तसं नसतं. तो हवेवर सुकलेला असतो किंवा फार तर ६० अंशांच्या आसपास तापवलेला; त्याखाली पुट्टी असते, आणि ती नीट घासली नसेल तर रंगाची पकड पट्टीच्या गोंदापेक्षाही कच्ची असू शकते. अशा ठिकाणी पट्टी ओढली की तिच्याबरोबर रंगाचा पोपडा येतो. म्हणून दुरुस्त झालेला भाग आधी हुडकायचा. लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवायचं; पुट्टीचा थर जाड असेल तिथे त्याची ओढ ढिली पडते. बोटानं टिचकी मारली तर पुट्टीवर आवाज बद्द येतो. दाराच्या रबरी बीडिंगवर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले, तर ते दार नंतर रंगवलेलं आहे.

काकांच्या गाडीचं डाव्या बाजूचं पुढचं दार तसं निघालं. बीडिंगच्या आतल्या काठावर लाल शिंतोडे होते. काकांना विचारलं तर म्हणाले, "हो, बाजारात एक हातगाडी घासून गेली होती. तेव्हा करून घेतलं." बाकी गाडी मूळ रंगात होती. मग क्रम ठरला: आधी उजवी बाजू, मग बोनेट, आणि ते दार सगळ्यात शेवटी, हाताला या पट्टीचा स्वभाव कळल्यावर.

आता उष्णता. बहुतेकांचा समज असा असतो की गोंद वितळवायला तापवायचं, आणि म्हणून जितकं तापवू तितकं सोपं. तापवायचं ते मुख्यतः फिल्मसाठी. थंड फिल्म कडक असते, ओढली की तुटते. ती मऊ पडली की एकसंध उचलता येते. गोंदाचं गणित मात्र पाकासारखं आहे: कमी तापला तर खट्कन तुटतो, जास्त तापला तर सैल होऊन त्याची तार निघते, आणि मधल्या टप्प्यात तो हवा तसा वागतो. गोंद फार गरम असताना ओढलं, तर तो आतूनच फाटतो. अर्धा पट्टीला राहतो, अर्धा गाडीला. त्या मधल्या टप्प्यात तो पट्टीबरोबर उठून येतो आणि रंग स्वच्छ सोडतो. पत्र्यावर हा टप्पा साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान सापडतो. थर्मामीटर नसेल तर हाताची पालथी बाजू टेकवायची. ती दोन-तीन सेकंदांत उचलावीशी वाटली म्हणजे पुरे. टेकवताच चटका बसला तर थांबायचं.

यासाठी घरातला हेअर ड्रायर पुरतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्यानं तोच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. हीट गनच्या तोंडाशी हवा काहीशे अंशांची असते. हात सरावलेला असेल तर तीही चालते, पण सगळ्यात कमी सेटिंगवर, वीतभर लांबून आणि एका जागी न थांबता. गाडीचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, तो पटकन तापतो आणि पटकन निवतो. चुकून एका बिंदूवर गन थांबली तर तेवढ्यात रंगाला फोड येऊ शकतो. प्लास्टिकच्या बंपरवर तर मी हीट गन वापरतच नाही. बंपर वाकतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही. आणखी एक खूण नाकाला कळते. नाकात झोंबणारा तिखट वास आला, घसा खवखवला, तर पीव्हीसी जळायला लागलं आहे. ड्रायर बाजूला करायचा आणि मोकळ्या हवेत जायचं.

उजव्या बाजूला मागच्या दिव्याजवळच्या टोकापासून सुरुवात केली. वीतभर लांबीवर ड्रायर मागे-पुढे फिरवत राहिले. टोक स्क्रेपरनं उचललं. स्क्रेपर म्हणजे नायलॉनची किंवा तशाच चिवट प्लास्टिकची पाती. दुकानात दुधारी ब्लेडच्या आकाराच्या मिळतात, नसल्या तर जुनं एटीएम कार्ड चालतं. पातीची कड एकसारखी आहे का हे बोट फिरवून पाहायचं. घासून खाच पडली असेल तर बारीक सँडपेपरवर चार वेळा ओढून ती सरळ करायची. पाती पत्र्याशी जवळजवळ आडवी धरायची. उभी धरली की ती रंग खरवडायला लागते. तिचं काम टोक सोडवणं आणि पुढे जिथे पट्टी अडेल तिथे खालून आधार देणं एवढंच. सगळी पट्टी स्क्रेपरनं ढकलत न्यायची नसते, ती हातानं ओढायची असते.

ओढण्याची दिशा फार महत्त्वाची. सरळ वर उचललं तर सगळा जोर रंगाला पत्र्यापासून सोडवायला लागतो. त्याऐवजी उचललेलं टोक मागे वळवून पट्टीच्या उरलेल्या भागावर जवळजवळ आडवं पडेल असं धरायचं आणि हळू, सलग खेचायचं. जोर मग फक्त सुटण्याच्या त्या रेषेवर पडतो. गरम केल्यावर लगेच ओढायचं नाही, दोन-तीन श्वास थांबायचं. फिल्म अजून मऊ असते, पण गोंद थोडा सावरतो. त्या थांबण्यानं किती फरक पडतो हे उजव्या बाजूला स्पष्ट दिसलं. सुरुवातीला पट्टीखालून पांढरे बारीक धागे निघत होते आणि पत्र्यावर गोंदाचा थर उरत होता. ड्रायर थोडा लांब धरला आणि मध्ये श्वासभर थांबले, तेव्हा धागे बंद झाले आणि पट्टी गोंद घेऊन निघायला लागली. पुढे सावलीतला एक थंड भाग आला तिथे 'टर्र' आवाज करून ती आडवी फाटली. तिथे पुन्हा ऊब दिली. धागे दिसले तर उष्णता जास्त, आवाज करून फाटली तर कमी. या दोन खुणांच्या मधून हात चालत राहतो, आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे तो मधला रस्ताही सरकत राहतो. मिरजेच्या एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर लाल पत्रा सावलीतसुद्धा बऱ्यापैकी कोमट होता आणि ड्रायरला निम्मंच काम उरलं.

बोनेटची गोष्ट निराळी. बाजूच्या पत्र्यावर ऊन तिरपं पडतं, बोनेटवर थेट; शिवाय खालून इंजिनाची धग. तिथल्या पट्टीत मऊपणा उरलाच नव्हता. भेगांमुळे नखाएवढे तुकडे झाले होते आणि प्रत्येक तुकडा वेगळा उचलावा लागत होता. इथे चमत्काराची अपेक्षा ठेवायची नाही. कितीही तापवलं तरी उडून गेलेली द्रव्यं परत येत नाहीत. फार तर तळहाताएवढा भाग गरम करून, साबणाच्या पाण्यात बुडवलेली पाती भेगेत सरकवून तुकडा सुटा करायचा. वेळ लागतो. पेंटरच्या धातूच्या ब्लेडचा मोह होतो तो नेमका इथे, आणि तो आवरायचा. कारखान्याच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. ब्लेडचा कोपरा एकदा रुतला की तो सगळे थर ओलांडून पत्र्याला भिडतो आणि पहिल्या पावसात तिथे गंज धरतो.

डावं पुढचं दार शेवटी घेतलं. तिथे ऊब आणखी कमी ठेवली, हात टेकवून सहज ठेवता येईल इतकीच, आणि पहिला बोटभर भाग काढून थांबले. निघालेल्या पट्टीची मागची बाजू उजेडात धरून पाहिली. गोंदावर लाल कण दिसले असते तर तिथेच सोडून दिलं असतं आणि काकांना सांगितलं असतं की हे दार पुन्हा रंगवायची तयारी असेल तरच पुढे जाऊ. मागची बाजू स्वच्छ होती. मग दोन-दोन बोटं असं पुढे गेले. दाराच्या काठाशी, जिथे उघडझापीत रंगाला आधीच टवका उडाला होता, तिथे मुगाच्या दाण्याएवढा एक पोपडा पट्टीबरोबर आलाच. तुटलेल्या कडेला धरून ठेवायला काही नसतं. त्यावर नंतर बारीक ब्रशनं टच-अपचा रंग लावला.

पट्टी निघाल्यावर उरतो तो गोंद. घराघरात यासाठी रॉकेल वापरतात आणि ते योग्यच आहे, टर्पेंटाइनही चालतं. कापड भिजवून गोंदावर पाच मिनिटं पांघरून ठेवायचं, गोंद फुगला की पातीनं एका बाजूनं लोटत न्यायचा. त्याच्या गोळ्या होऊन निघतात. दुसऱ्यांदा स्वच्छ कापड घ्यायचं, नाहीतर तोच गोंद पसरत राहतो. शेवटी शाम्पूच्या पाण्यानं धुतलं की रॉकेलचा तेलकटपणा जातो. थिनर मात्र नको. भाजलेला रंग त्याला काही वेळ तोंड देतो, पण गॅरेजमध्ये मारलेला रंग त्यात विरघळू शकतो. त्या दारावर मी रॉकेलसुद्धा आधी दाराच्या आतल्या काठावर लावून, कापडाला लाल डाग येतो का ते पाहून मगच वापरलं. आणि रॉकेल बाहेर आणायच्या आधी ड्रायरची वायर प्लगमधून काढून तो घरात ठेवला होता. तापलेली वस्तू आणि रॉकेल एकाच वेळी गाडीजवळ असू नयेत.

धुऊन पुसल्यावर काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पट्टी तर अजून आहे!" पांढरी नव्हती, गडद लाल होती. पट्टीखालच्या रंगाला इतकी वर्षं ऊन लागलंच नव्हतं, तो गाडी शोरूममधून आली तेव्हाच्या इतका गडद होता. भोवतालचा लाल फिकट गुलाबीकडे झुकलेला. लाल रंगावर हे सगळ्यात जास्त दिसतं, पांढऱ्या गाडीवर जेमतेम जाणवतं.

गडद-फिकट रंगांच्या या फरकात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. वरच्या थराचा खडूसारखा झालेला भुसा, आणि खरोखर उडालेला रंग. भुसा पॉलिशनं निघतो. उडालेला रंग परत येत नाही. किती काय आहे हे ओळखायला एका लपलेल्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन घासायचं. कापड लाल झालं तर वर पारदर्शक क्लिअर कोट नाही, आपण थेट रंगाचाच थर घासतो आहोत, आणि खालचा ताजा रंग वर येण्याची आशा आहे. कापड पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे आणि त्याखाली उडालेला रंग पॉलिशच्या आवाक्याबाहेरचा. आमचं कापड लाल झालं. मग फिकट भाग हातानं घासत गेले, पट्टीच्या गडद जागेला जवळजवळ न लावता. दारं आणि मागचा भाग चांगला जुळून आला. बोनेटवर फरक उरला, आणि तिथे मी थांबले. बोनेटच्या उठावाच्या धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो, आणि कापडावर लालऐवजी खालच्या प्रायमरचा करडा रंग दिसायला लागला की उशीर झालेला असतो. समोरून पाहिलं तर तिथल्या दोन पट्ट्या आता ओळखू येत नाहीत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात येतात. भोवतालचा रंग उन्हानं झिजून अगदी किंचित खाली गेला आहे, आणि ती पायरी मेणानं भरत नाही.

काका म्हणाले, "काचेवरचं नाव?" ते काकूंच्या सांगण्यावरून ठेवायचं होतं, पण त्याचीही कड सुटलेली होती, तेव्हा जुनं काढून त्याच जागी नवं लावायचं ठरलं. काचेला ही सगळी काळजी लागत नाही. तिच्यावर उडायला रंगच नसतो, त्यामुळे साबणाचं भरपूर पाणी मारून नव्या धातूच्या ब्लेडनंही काढता येतं. आडव्या बारीक तारा असलेल्या मागच्या काचेवर आतून लावलेला स्टिकर असेल तेवढा ब्लेडनं काढायचा नाही, त्या तारा खरवडल्या जातात. काकांच्या गाडीच्या काचेवर तारा नव्हत्या आणि नाव बाहेरून होतं. ते काम चहा व्हायच्या आत झालं. नवं नाव लावण्यासाठी रेडियमवाल्याला फक्त ओतीव फिल्म वापरायला सांगितली आणि काच त्याच्यासमोर स्वच्छ पुसून घेतली.